अर्धवट नवीन यादीपेक्षा कालची पूर्ण यादी

१२ मे २०१० रोजी दुपारी जर्मनीत लाखो संकेतस्थळं अचानक दिसेनाशी झाली. नावाच्या शेवटी .de असलेल्या पत्त्यांची संख्या तेव्हा सव्वा कोटीच्या वर होती. संकेतस्थळं ज्या यंत्रांवर होती ती व्यवस्थित चालू होती, तारा जोडलेल्या होत्या, वीज होती. बिघडली होती ती नावांची यादी. .de नावांची नोंद ठेवणाऱ्या डेनिक या संस्थेचं मुख्यालय फ्रँकफुर्टमध्ये आहे. नवी नावं येत राहतात, जुनी बदलतात, म्हणून तिथे ही यादी ठरावीक वेळाने नव्याने तयार होते आणि जगभरच्या सर्व्हरांवर पाठवली जाते. त्या दिवशी यादीची नक्कल करण्याचं काम मध्येच तुटलं. यादीचा बराचसा भाग नसलेली फाइल पुढे गेली आणि अनेक सर्व्हरांनी तीच खरी मानून उत्तरं द्यायला सुरुवात केली.

सर्व्हर बंद पडले असते, तर नुकसान कमी झालं असतं. एखादा नाव-सर्व्हर गप्प राहिला, तर विचारणारा दुसऱ्याकडे जातो किंवा थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. निघालेली ईमेल पाठवणाऱ्याच्या यंत्रात रांगेत थांबते आणि पुढचे काही दिवस अधूनमधून पुन्हा प्रयत्न होत राहतो. पण अर्धवट यादी हातात असलेला सर्व्हर गप्प राहत नाही. यादीत नाव सापडलं नाही की तो ठामपणे NXDOMAIN असं उत्तर देतो, म्हणजे ‘असं नाव अस्तित्वातच नाही’. हे उत्तर मिळाल्यावर ईमेल पाठवणारं यंत्र थांबत नाही, पत्र लगेच परत पाठवतं. शिवाय वाटेतले सर्व्हर हा नकार काही काळ लक्षात ठेवतात, त्यामुळे मूळ चूक दुरुस्त झाल्यावरही काही जणांना तोच नकार मिळत राहतो. कालच्या यादीने त्या दुपारी नवीन नोंदलेल्या मोजक्या नावांचीच गैरसोय केली असती. बाकी सगळ्यांना बरोबर उत्तर मिळालं असतं.

म्हणूनच वेळापत्रकाने बदलणाऱ्या कुठल्याही माहितीसाठी पहिला नियम असा, की चालू फाइलवर लिहायचंच नाही. एसटी स्थानकावरचं वेळापत्रक बदलायचं झालं, तर पेंटर जुना फलक पुसून त्याच जागी लिहायला बसला की दुपारभर प्रवाशांना अर्ध्याच गाड्या दिसतील. नवा फलक आत रंगवायचा, वाचून घ्यायचा आणि मग जुना उतरवून तो टांगायचा. संगणकावर हे टांगणं म्हणजे फाइलचं नाव बदलणं. लिनक्ससारख्या प्रणालीत नाव बदलण्याची क्रिया अखंड असते. त्या क्षणी फाइल उघडणाऱ्याला एक तर संपूर्ण जुनी मिळते किंवा संपूर्ण नवी, मधली अवस्था कुणालाच दिसत नाही.

नाव-सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या हातातली आज्ञावली साधारण अशी असते:

```
set -e
cd /srv/dns
cp /mnt/build/zone.db zone.new
named-checkzone example.in zone.new
old=$(wc -l < zone.live)
new=$(wc -l < zone.new)
[ "$new" -ge $((old * 99 / 100)) ]
mv zone.new zone.live
rndc reload example.in
```

पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती नसेल, तर एखादी पायरी फसली तरी संगणक तक्रारीची एक ओळ छापून पुढच्या पायरीकडे जातो. डिस्क भरल्यामुळे `cp` अर्ध्यात थांबलं, तर `mv` ती अर्धी फाइल निमूटपणे जागेवर बसवेल. पहिली ओळ असेल, तर काम तिथेच संपतं. `zone.live` ला हातही लागलेला नसतो आणि सर्व्हर कालची यादी देत राहतो. परत मागे जायचं असं काही उरतच नाही, कारण पुढे काही गेलेलंच नसतं.

`mv` बद्दल एक सावधगिरी. नवी फाइल आणि चालू फाइल एकाच डिस्कविभागात हव्यात. नवी फाइल `/tmp` मध्ये ठेवली आणि ते वेगळ्या विभागात असेल, तर `mv` नाव बदलत नाही. ते गुपचूप नक्कल करतं आणि मूळ फाइल पुसतं. म्हणजे जी अर्धवट अवस्था टाळायची होती, तीच परत येते. चाचणीत हे लक्षात येत नाही, कारण छोट्या फाइलची नक्कल क्षणात होते. मोठी फाइल आणि भरत आलेली डिस्क एकत्र आल्यावरच ते उघड होतं.

आता मधल्या तपासणीकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथे आहे. `named-checkzone` प्रत्येक ओळ नीट लिहिली आहे का ते पाहतं. पण फाइल बरोबर ओळीच्या शेवटी तुटली असेल, तर उरलेली प्रत्येक ओळ निर्दोषच असते. ती परीक्षा पास होते. सर्व्हर एकमेकांना यादी पाठवतात त्या जुन्या पद्धतीत यावर एक सुंदर उपाय आहे. यादी एसओए नावाच्या नोंदीने सुरू होते आणि त्याच नोंदीने संपते. शेवटची एसओए आली नाही, तर घेणारा सर्व्हर आलेलं सगळं टाकून देतो आणि जुनीच यादी वापरत राहतो. मात्र ही खूण पोहोचवण्यापुरती आहे. पाठवणाऱ्याच्याच हातात तुटकी यादी असेल, तर ती सुरुवातीची आणि शेवटची खूण घेऊन अगदी पूर्ण स्वरूपात पोहोचेल.

म्हणून ओळींची मोजणी. समजा कालच्या यादीत एक कोटी ओळी होत्या आणि एका फेरीत साधारण काही हजार बदलतात. नवी यादी चाळीस लाख ओळींची आली, तर नेमकी कुठली नावं गेली ते कळायची गरज नाही. इतकी नावं दोन तासांत कोणी रद्द करत नाही. वरच्या आज्ञावलीत एक टक्क्याहून जास्त घट झाली की काम थांबतं. हा आकडा ज्याने त्याने आपल्या यादीच्या स्वभावावरून ठरवायचा. कधीतरी खरोखरच मोठी छाटणी करायची असते आणि तेव्हा ही अट आडवी येते. माझ्या मते ती आडवी यावीच. अशा दिवशी माणसाने स्वतः पाहून परवानगी देणं हा त्रास सोसण्यासारखा आहे.

जुनी यादी किती दिवस चालवायची, यालाही मर्यादा आहे. एसओए नोंदीतच मुदतीचा एक आकडा असतो. मूळ सर्व्हरशी इतके सेकंद संपर्क झाला नाही, तर दुय्यम सर्व्हर त्या यादीवरून उत्तर देणं बंद करतो. ही मुदत सहसा काही आठवड्यांची ठेवतात. पण यादीवर डिजिटल सह्या असतील, तर खरी मुदत त्याहून कमी असू शकते. प्रत्येक सहीला स्वतःची शेवटची तारीख असते आणि ती उलटल्यावर सह्या तपासणारे सर्व्हर अगदी बरोबर उत्तरही नाकारतात. .de वर अशा सह्या २०११ पासून आहेत. सह्या दहा दिवसांच्या असतील आणि यादी अडकल्याचं अकराव्या दिवशी कळलं, तर कालची चांगली यादीही निरुपयोगी ठरलेली असते.

ही उशिरा कळण्याची भीती खरी आहे, कारण सगळं नीट अडवलं गेलं की बाहेरून काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. वरची आज्ञावली थांबली हे ती स्वतः कुणाला सांगत नाही आणि ती सुरूच झाली नाही तर सांगायला कोणी नसतंच. त्यामुळे पहारा आज्ञावलीवर नको, उत्तरावर हवा. एसओए नोंदीत यादीचा अनुक्रमांकही असतो. दुसऱ्याच एखाद्या यंत्रावरून प्रत्येक सर्व्हरला तो विचारायचा. दोन फेऱ्यांचा वेळ उलटूनही तो पुढे सरकला नसेल, तर कुणाचा तरी फोन वाजला पाहिजे, आणि त्या संदेशात सह्या संपायला किती दिवस उरले आहेत हेही लिहिलेलं असावं.