मर्ज कोणी करायचं?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला पाच जणांचा गट जमला, की सगळ्यांचा कोड गिटहबवर एकाच रेपॉझिटरीत ठेवायचा, हे ठरायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पोरं तिला नुसतं ‘रेपो’ म्हणतात. तिच्यात कोणी, काय, कोणाला विचारून टाकायचं, हे मात्र बहुतेक वेळा ठरतच नाही. मग कोणीतरी रात्री मुख्य शाखेत, म्हणजे `main` मध्ये, थेट कोड ढकलतो, सकाळी दुसऱ्याचं लॉगिनचं पान बंद पडलेलं असतं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कोणी हात लावला रे?’ सुरू होतं.

पुल रिक्वेस्ट, म्हणजेच पीआर, ही सोय नेमकी यासाठी आहे. प्रत्येकाने `main` वरून आपली वेगळी ब्रँच काढायची, तिथे हवे ते बदल करायचे आणि मग ‘हे `main` मध्ये घ्या’ अशी विनंती टाकायची. कुठली ओळ गेली आणि कुठली आली, हे बाकीच्यांना पडद्यावर दिसतं. ते शंका विचारतात, दुरुस्ती सुचवतात, मंजुरी देतात, आणि त्यानंतर तो बदल `main` मध्ये मिसळतो. यालाच मर्ज म्हणतात. पण गिटहब फक्त यंत्रणा पुरवतं. कामाची वाटणी न्याय्य व्हायची तर नियम गटालाच ठरवावे लागतात.

समजा, हॉस्टेलच्या मेसचं बिल काढणारं अ‍ॅप करायचं आहे आणि गटात अ, ब, क, ड, ई असे पाच जण आहेत. रेपो अ च्या खात्यावर आहे. पहिला नियम उघड आहे: `main` मध्ये थेट कोणी काही टाकायचं नाही, जे जाईल ते पीआरमधूनच. गिटहबच्या सेटिंगमध्ये तशी सक्ती करता येते. गोम अशी, की फुकटच्या खात्यावर ही सक्ती फक्त सार्वजनिक रेपोला लागू होते. रेपो खासगी ठेवायचा असेल तर प्रो खातं लागतं, आणि विद्यार्थी असल्याचा पुरावा देऊन ते गिटहबच्या शिक्षण योजनेतून मिळवता येतं. दुसरी गोम मालकाची. रेपोचा मालक हे कुंपण ओलांडू शकतो. म्हणून `Do not allow bypassing the above settings` या चौकटीतही टिचकी मारायची, म्हणजे अ सुद्धा बाकीच्यांच्या रांगेत येतो.

आता मंजुरी किती जणांची? उत्साहाच्या भरात दोघांची ठरते. मग दिवाळीत दोन जण गावी जातात, एकाचा बॅकलॉगचा पेपर असतो आणि पीआर आठवडाभर लटकतो. पाच जणांच्या गटाला एक मंजुरी पुरते. स्वतःच्या पीआरला स्वतः मंजुरी देऊ न देण्याची काळजी गिटहब घेतंच. खरा धोका जोडगोळीचा असतो: ब आणि क रूममेट, एकमेकांचे पीआर न वाचता ‘चालतंय’ म्हणून सोडतात, आणि ई चा कोड मात्र सगळे भिंगातून बघतात.

यावर फिरती पाळी हा उत्तम उपाय आहे. पाच जण गोल बसले आहेत असं धरा. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या पुढच्याचा कोड तपासायचा, दुसऱ्या आठवड्यात एक सोडून पुढच्याचा, तिसऱ्यात दोन सोडून, चौथ्यात तीन सोडून. चार आठवड्यांत प्रत्येकाने प्रत्येकाचा कोड वाचलेला असतो. शिवाय पाच ही विषम संख्या असल्यामुळे कुठल्याही आठवड्यात दोघं एकमेकांचे तपासनीस होत नाहीत. चार जणांच्या गटात ही गंमत दुसऱ्याच आठवड्यात मोडते: अ तपासतो क ला आणि क तपासतो अ ला. तपासनिसाने चोवीस तासांत उत्तर दिलं नाही, तर पाळी पुढच्याकडे जाते.

पीआर छोटा ठेवण्याचा नियमही न्यायाचाच आहे, कारण मोठा पीआर म्हणजे दुसऱ्याच्या वेळेवर डल्ला. सिस्को कंपनीतल्या कोड तपासणीची जी प्रसिद्ध पाहणी झाली, तिच्यातून एका वेळी 200 ते 400 ओळींपेक्षा जास्त कोड तपासू नये असा निष्कर्ष निघाला. त्यापुढे चुका नजरेतून सुटू लागतात. नवख्यांनी 200 वर थांबावं. `package-lock.json` सारख्या यंत्राने लिहिलेल्या फाइली यात मोजू नयेत, त्या एका फटक्यात हजारो ओळी वाढवतात.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती कॉन्फ्लिक्टवरून, म्हणजे एकच ओळ दोघांनी बदलली की. आधीची ओळ होती `bill = days * 80`. मेसचा दर वाढला म्हणून ब ने 80 चे 90 केले आणि ते मर्जही झालं. दरम्यान ड ने रजेचे दिवस वजा करायची सोय आपल्या ब्रँचमध्ये लिहिली होती. तिने `main` आपल्या ब्रँचमध्ये ओढून घेतली तेव्हा गिटने हे दाखवलं:

```
<<<<<<< HEAD
bill = (days - leave) * 80
=======
bill = days * 90
>>>>>>> main
```

वरचं ड चं, खालचं ब चं. घाईत एक ठेवून दुसरं उडवलं, तर अ‍ॅप चालतं, कुठेही लाल अक्षर दिसत नाही, पण एकाचं काम गायब झालेलं असतं. बरोबर उत्तर दोन्हींत नाही, ते `bill = (days - leave) * 90` आहे. म्हणून नियम असा: कॉन्फ्लिक्ट ज्याची ब्रँच त्याने सोडवायचा, पण समोरची ओळ ज्याची आहे त्याला विचारून. त्यानंतर मंजुरीही नव्याने घ्यायची. नवा कमिट आला की जुनी मंजुरी रद्द व्हावी, अशी सोय सेटिंगमध्ये आहे.

राहिलं श्रेय. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकाने ‘कोणी किती केलं?’ विचारलं, की `git shortlog -sn` ही आज्ञा प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या कमिटची संख्या मांडते. ही संख्या फसवी असते. पीआर ‘स्क्वॉश’ करून मर्ज केला तर वीस कमिटचा एक होतो आणि तो पीआर उघडणाऱ्याच्या नावावर जातो. ब्रँचमध्ये दुसऱ्या कोणाचे कमिट असतील तर गिटहब त्याचं नाव सहलेखक म्हणून खाली जोडतं. पण क आणि ई एकाच लॅपटॉपवर शेजारी बसून लिहीत असतील, तर गिटला त्यातला एकच माणूस दिसतो. अशा वेळी कमिटच्या संदेशात शेवटी `Co-authored-by:` लिहून दुसऱ्याचं नाव आणि ईमेल हाताने टाकावं लागतं. साधी `shortlog` ही नावं मोजत नाही, तिला असं सांगावं लागतं:

```
git shortlog -sn --group=author --group=trailer:co-authored-by
```

त्याहून वाईट घोटाळा कॉलेजच्या लॅबमध्ये होतो. तिथल्या संगणकावर आधीच्या बॅचच्या कोणाचं तरी नाव आणि ईमेल गिटमध्ये भरलेलं राहतं, आणि ई ने तिथे बसून केलेलं महिन्याभराचं काम एका अनोळखी माणसाच्या नावावर जमा होतं. गिट कोणालाही ओळखपत्र विचारत नाही. जे नाव भरलेलं असेल, तेच लिहितं. तेव्हा पहिल्याच मीटिंगला, एक ओळही लिहिण्याआधी, पाचही लॅपटॉपवर आणि लॅबच्या मशीनवर `git config user.email` चालवून पाहा. जे ईमेल दिसेल ते आपल्याच गिटहब खात्यात नोंदलेलं आहे ना, हे एकमेकांचं तपासून घ्या.