व्हिडिओ गेममधील छायाभाग उजळणे

छायाभाग उजळणे म्हणजे अंधाऱ्या व्हिडिओ गेममध्ये सावलीत दडलेला तपशील डोळ्यांना दिसेल इतपत वर आणणे होय. हे करताना चित्रातील काळा रंग काळाच राहणे आणि उजळ भागांतील तपशील शाबूत राहणे अपेक्षित असते. त्यासाठी गेममध्ये, ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि पडद्याच्या मेनूमध्ये ब्राइटनेस, ब्लॅक लेव्हल व गॅमा या नावांचे स्लायडर दिलेले असतात. हे तिन्ही स्लायडर चित्र उजळ करतात, मात्र त्यांचे गणित वेगवेगळे आहे. चुकीचा स्लायडर सरकवल्यास संपूर्ण चित्रावर धुके पसरल्यासारखा राखाडी थर येतो.

## तीन स्लायडरांमधील फरक

८ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगघटकाला ० ते २५५ यांपैकी एक मूल्य असते. ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. अंधाऱ्या दृश्यातील भिंतीचा पोत, दाराची कड किंवा कोपऱ्यात उभे असलेले पात्र बहुधा ५ ते ३० या मूल्यांत सामावलेले असते.

ब्लॅक लेव्हल प्रत्येक मूल्यात ठरावीक संख्या मिळवते. त्यामुळे ० हे मूल्यसुद्धा वर सरकते. काही गेममधील ब्राइटनेस प्रत्येक मूल्याला एका संख्येने गुणतो. त्यात ० हे ०च राहते, पण वरच्या टोकाची मूल्ये २५५ला जाऊन आदळतात आणि एकसारखी पांढरी होतात. गॅमा मूल्याचा घात बदलतो. त्यामुळे ० आणि २५५ ही दोन्ही टोके जागच्या जागी राहतात व मधला भाग वर उचलला जातो. हा उचल छायाभागात प्रमाणाने सर्वाधिक असतो.

नावांमुळे या बाबतीत गोंधळ होतो. जुन्या दूरचित्रवाणी संचांवरील ब्राइटनेस ही खटकी प्रत्यक्षात ब्लॅक लेव्हल बदलत असे. अनेक एलसीडी मॉनिटरांवर त्याच नावाचा स्लायडर मागील दिव्याची तीव्रता बदलतो. म्हणून स्लायडरचे नाव न पाहता तो सरकवल्यावर काळ्या, मध्यम आणि पांढऱ्या भागाचे काय होते हे पाहणे आवश्यक ठरते.

## उदाहरण : डूम ३

इड सॉफ्टवेअरचा *डूम ३* हा गेम ऑगस्ट २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील अंधाराची मोठी चर्चा झाली. मूळ आवृत्तीत खेळाडूला विजेरी आणि शस्त्र एकाच वेळी हाती धरता येत नसे. २०११ मध्ये या गेमचा मूळ कोड खुला करण्यात आला. त्यामुळे त्यातील दोन स्लायडरांमागील गणित नेमके पाहता येते. गेमच्या कन्सोलमध्ये `r_brightness` आणि `r_gamma` ही दोन चले आहेत. त्यांचे एकत्रित सूत्र सोप्या रूपात असे मांडता येते :

```
j   = min(255, i * r_brightness)
out = 255 * (j / 255) ^ (1 / r_gamma)
```

येथे `i` हे मूळ मूल्य आहे. समजा, दृश्यातील भिंतीचे मूल्य १० आहे आणि `r_brightness` १.३ केले. भिंत १३वर येते, म्हणजे जेमतेम तीन पायऱ्यांची वाढ होते. मात्र १९७ आणि त्यापुढील सर्व मूल्ये २५५ होतात. दिव्याची काच, विजेरीच्या झोताचा मध्य आणि बंदुकीची ठिणगी यांतील सर्व तपशील एका पांढऱ्या डागात विरघळतो.

आता `r_brightness` १ ठेवून `r_gamma` १.२ केल्यास भिंत १०वरून १७वर जाते, मध्यम राखाडी १२८वरून १४४वर जाते आणि १९६ हे मूल्य २०५ होते. ० व २५५ मात्र हलत नाहीत. भिंतीला अधिक उचल मिळूनही पांढऱ्या भागातील काहीही गमावले जात नाही.

भिंतीला तीच उचल ७ मिळवून, म्हणजे ब्लॅक लेव्हल वाढवूनही देता येते. फरक पडद्यावर कळतो. पांढरा २०० निट व काळा ०.२ निट असलेला, २.२ गॅमाचा मॉनिटर घेतल्यास मूळ चित्रात १० मूल्याची भिंत सुमारे ०.३६ निट दिसते, म्हणजे शेजारच्या काळ्याच्या १.८ पट. `r_gamma` १.२ केल्यावर भिंत सुमारे ०.७२ निट होते आणि काळा ०.२ निटच राहतो, म्हणजे गुणोत्तर ३.६ होते. ७ मिळवल्यास भिंत तेवढीच उजळते, पण काळाही ०.२७ निटवर जातो आणि गुणोत्तर २.६वर अडते. डोळ्यांना तपशील दिसतो तो या गुणोत्तरामुळे. ब्लॅक लेव्हल वाढवल्याने भिंतीबरोबर तिच्यामागचा अंधारही उजळतो, म्हणूनच चित्र फिकट भासते. ज्यात काळा पिक्सेल पूर्ण विझतो अशा ओलेड पडद्यावर ही हानी अधिक ठळकपणे जाणवते.

## सिग्नलच्या पल्ल्यातील विसंगती

गॅमा बराच वाढवूनही छायाभाग दिसत नसेल, तर दोष बहुधा गेममध्ये नसून जोडणीत असतो. संगणक सामान्यतः ० ते २५५ असा पूर्ण पल्ला वापरतो. दूरचित्रवाणीच्या परंपरेत मात्र १६ म्हणजे काळा आणि २३५ म्हणजे पांढरा असा मर्यादित पल्ला रूढ आहे. संगणक पूर्ण पल्ला पाठवत असेल आणि टीव्ही मर्यादित पल्ला गृहीत धरत असेल, तर १६ व त्याखालील सर्व मूल्ये एकाच काळ्यात बुडतात. उदाहरणातील १० मूल्याची भिंत अशा टीव्हीवर दिसतच नाही.

या स्थितीत खेळाडू स्वाभाविकपणे गॅमा वाढवतो. `r_gamma` १.२ केल्यावर १७ झालेली भिंत टीव्हीवर जेमतेम १ इतकी दिसते. `r_gamma` १.५ केल्यावर ती २९वर जाते आणि टीव्हीवर १५ इतकी दिसते. तोवर मध्यम राखाडी १२८वरून १६१वर गेलेला असतो आणि टीव्ही तो १६९ इतका उजळ दाखवतो. छायाभाग कसाबसा दिसू लागतो, पण चेहरे, धातू आणि जमीन फिकट पडतात. पल्ला जुळवला असता, तर १.२ गॅमावर भिंत १७ आणि मध्यम राखाडी १४४ दिसला असता. संपूर्ण चित्र पांढुरके पडल्याच्या अनेक तक्रारींचे मूळ अशा दुहेरी चुकीत असते.

उलट विसंगतीत, म्हणजे मर्यादित पल्ला पाठवला जात असताना पडदा पूर्ण पल्ला गृहीत धरत असल्यास, काळा १६ इतका उजळ दिसतो. तेव्हा कोणताही स्लायडर न हलवताच चित्र धुरकट असते.

एनव्हिडियाच्या नियंत्रण-पटलात ही निवड `Output dynamic range` या नावाने, तर प्लेस्टेशन ५वर `RGB Range` या नावाने आढळते. टीव्हीच्या मेनूमध्ये तिचे नाव उत्पादकानुसार बदलते आणि अनेकदा ते `Black Level` असेच असते. दोन्ही टोकांना एकच पल्ला निवडणे महत्त्वाचे असते.

## समायोजनाचा क्रम

प्रथम सर्व स्लायडर मूळ स्थितीत आणून पल्ला तपासला जातो. त्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर १पासून २५पर्यंत चढत्या मूल्यांचे चौकोन असलेले चाचणीचित्र पुरते. १६पर्यंतचे सर्व चौकोन एकदम गायब आणि त्यापुढचे स्पष्ट, अशी तुटक रेषा दिसल्यास पल्ला जुळलेला नाही. चौकोन हळूहळू अंधारात विरत असल्यास पल्ला योग्य असून प्रश्न केवळ गॅमाचा किंवा खोलीतील प्रकाशाचा आहे.

त्यानंतर ज्या उजेडात खेळायचे त्याच उजेडात गेममधील एक स्थिर दृश्य निवडले जाते. त्यात पूर्ण काळा कोपरा, अंधुक पोत आणि एखादा पेटता दिवा असे तिन्ही असावेत. गॅमा ०.१च्या टप्प्याने वाढवला जातो आणि पोत ओळखू येताच थांबवला जातो. दरम्यान काळा कोपरा राखाडी होऊ लागल्यास तो स्लायडर प्रत्यक्षात ब्लॅक लेव्हलचा आहे, आणि दिव्याच्या काचेतील छटा नाहीशा झाल्यास तो गुणाकाराचा आहे, असे समजते. बहुतेक गेममध्ये सुरुवातीला दाखवले जाणारे जेमतेम दिसणारे बोधचिन्ह हीच चाचणी संक्षिप्त रूपात घडवते, पण पल्ला चुकलेला असल्यास ती दिशाभूल करते.

काही मॉनिटरांत केवळ तळाची मूल्ये उचलणारी सोय असते. बेनक्यूचे ब्लॅक इक्वलायझर आणि आसुसचे शॅडो बूस्ट ही तिची उदाहरणे आहेत. तिच्यामुळे मध्यम छटा फारशा हलत नाहीत. मात्र तळाच्या मूल्यांना दिलेली जागा त्यांच्या लगेच वरच्या मूल्यांकडून घेतलेली असते. त्यामुळे त्या पट्ट्यातील छटा एकमेकींजवळ येऊन सपाट दिसतात.

## मर्यादा

पहिली मर्यादा पायऱ्यांची आहे. मूळ *डूम ३* हा बदल चित्र ८ बिटमध्ये तयार झाल्यानंतर ग्राफिक्स कार्डच्या गॅमा सारणीत करतो. `r_gamma` २ केल्यास ०, १, २, ३ ही शेजारची मूल्ये अनुक्रमे ०, १६, २३, २८ होतात. मधल्या छटा अस्तित्वातच नसल्याने धुके आणि मंद प्रकाशाच्या कडा पट्ट्यापट्ट्यांच्या दिसतात. असे पट्टे ही गॅमा अती वाढल्याची खूण होय. जे गेम चित्र ८ बिटमध्ये उतरवण्यापूर्वी अधिक अचूक मूल्यांवर गॅमा लावतात, त्यांत हा दोष कमी असतो. म्हणून मॉनिटरच्या स्लायडरआधी गेममधील स्लायडर वापरणे हितावह असते.

दुसरी मर्यादा मूलभूत आहे. *डूम ३*च्या प्रकाशयोजनेत सर्वत्र पसरलेला किमान प्रकाश आपोआप मिळत नाही. ज्या पृष्ठभागावर कोणत्याही दिव्याचा प्रकाश पोहोचत नाही त्याचे मूल्य ० असते. ०चा कोणताही घात किंवा पट ०च राहतो, आणि त्यात संख्या मिळवल्यास सपाट राखाडी मिळतो. अशा कोपऱ्यात लपलेला तपशील नसतोच. ब्लॅक लेव्हल वाढवल्यावर तो कोपरा कोणताही पोत न दाखवता एकसारखा करडा झाला, तर तेथील अंधार गेमच्या रचनेचा भाग आहे. तो केवळ गेममधील विजेरीनेच उजळतो.