दोनास एक, पण कशाच्या जोरावर?

कापड दुकानाचा एक ताळेबंद घेऊ. वर्षभरात रोख होईल अशी चालू मालमत्ता: रोकड ५० हजार, गिऱ्हाइकांकडची उधारी ३ लाख, माल साडेचार लाख, एकूण ८ लाख. वर्षभरात फेडायची चालू देणी: व्यापाऱ्यांचे अडीच लाख, बँकेच्या कॅश क्रेडिटचे दीड लाख, एकूण ४ लाख. भागाकार २. म्हणजे एक रुपया देण्यामागे दोन रुपये उभे आहेत.

आता कपाट उघडा. २ लाखांच्या साड्या तीन दिवाळ्या पडून आहेत, १ लाखाची उधारी बुडीतच. ती वजा केली की उरतात ५ लाख, गुणोत्तर सव्वा. त्यातही हातात रोकड ५० हजारच. व्यापारी उद्या दारात आला तर साड्या विकेपर्यंत तो थांबणार नाही. म्हणून मी आधी मालाच्या बिलांवरच्या तारखा पाहते.