तीन वायरींचं माप

एम १६चा बोल्ट आणून त्याला व्हर्निअर लावला तर माप पूर्ण १६ मिलिमीटर भरत नाही. १५.९ किंवा १५.८ असं काहीतरी येतं. तरीही बोल्ट चांगला असतो, कारण आट्यांचे माथे थोडे खाली राहिले तरी चालतात. नट आवळला की तो बोल्टच्या माथ्यांवर टेकत नाही, आट्यांच्या उतरत्या बाजूंवर टेकतो. जोड घट्ट बसेल की खुळखुळेल, हे त्या बाजू अक्षापासून किती अंतरावर आहेत त्यावर ठरतं. हे अंतर सांगणाऱ्या मापाला पिच डायमीटर म्हणतात.

आट्यांमधून असा एक काल्पनिक दंडगोल कल्पावा, की जिथे धातूची रुंदी आणि दोन आट्यांमधल्या खाचेची रुंदी सारखीच भरते. त्या दंडगोलाचा व्यास म्हणजे पिच डायमीटर. एम १६च्या नेहमीच्या आट्यांचा पिच २ मिलिमीटर, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर २ मिलिमीटर. त्याचा मूळ पिच डायमीटर १४.७०१ मिलिमीटर आहे. नट फिरायला जागा हवी म्हणून बोल्टवर तो मुद्दाम कमी ठेवतात. सर्वसाधारण ६जी दर्जाच्या बोल्टला १४.५०३ ते १४.६६३ मिलिमीटर चालतो.

अडचण अशी की या दंडगोलावर हात ठेवता येईल असा पृष्ठभागच नाही. गो आणि नो-गो रिंग गेज फिरवून बोल्ट पास की नापास ते कळतं, पण अजून किती कापायचं ते रिंग सांगत नाही. लेथवर उभ्या टर्नरला तर नेमकं तेच हवं असतं.

इथे तीन वायरी उपयोगी पडतात. वायरी म्हणजे सारख्या व्यासाच्या, कडक, घासून गुळगुळीत केलेल्या तीन सळया. एका बाजूला शेजारशेजारच्या दोन खाचांत दोन वायरी ठेवायच्या, समोरच्या बाजूला त्या दोघींच्या मधे येणाऱ्या खाचेत तिसरी. मग साध्या, सपाट तोंडाच्या मायक्रोमीटरने तिन्ही वायरींवरून माप घ्यायचं. एका बाजूला दोन वायरी लागतात, कारण त्यांच्यामुळे मायक्रोमीटरचं तोंड अक्षाला समांतर राहतं. दोनच वायरी लावल्या तर मायक्रोमीटर कलतो. माप घेण्याआधी आटे ब्रशने पुसून घ्यावेत, खाचेत अडकलेली बारीक बरसुद्धा वायरीला उचलून धरते. हातात तीन सुट्या वायरी सांभाळणं जिकिरीचं असतं, म्हणून त्या थोड्या ग्रीसने चिकटवतात किंवा होल्डरमध्ये बसवतात.

आलेल्या मापातून पिच डायमीटर काढायचा हिशेब ६० अंशांच्या मेट्रिक आट्यांसाठी असा आहे:

पिच डायमीटर = माप − (३ × वायरचा व्यास) + (०.८६६ × पिच)

समजा लेथवर एम १६चा स्टड चालू आहे आणि आपल्याकडे १.१० मिलिमीटरच्या वायरी आहेत. तिप्पट केली की ३.३०० होतात. पिच २, म्हणून ०.८६६च्या दुपटीने १.७३२. दोन्हींतला फरक १.५६८. म्हणजे या वायरींनी जे माप येईल त्यातून १.५६८ वजा केले की झालं. मायक्रोमीटरने १६.३०१ दाखवलं, तर पिच डायमीटर १४.७३३ निघाला. वरच्या मर्यादेपेक्षा तो ०.०७० जास्त आहे. मर्यादांच्या मधोमध, १४.५८च्या आसपास यायचं असेल तर व्यासावर अजून ०.१५३ उतरवायचे, म्हणजे टूल सरळ आत ढकलायचं असेल तर ०.०७६ मिलिमीटर आत न्यायचं. काम चकमधून न काढता हे सगळं कळलं. काढलेला जॉब पुन्हा तंतोतंत त्याच जागी बांधणं फार अवघड असतं.

आता वायर किती जाडीची घ्यायची? खाचेत बसून माथ्यांच्या वर डोकावेल इतकी जाड हवी, नाहीतर मायक्रोमीटर माथ्यांवरच टेकेल. फार जाड झाली तर ती बाजूंवर न बसता कडांवर बसेल. मेट्रिक आट्यांसाठी या दोन टोकांमध्ये साधारण पिचच्या निम्म्यापासून पिचइतक्या जाडीपर्यंतची वायर बसते. वरचं सूत्र या पट्ट्यातल्या कोणत्याही वायरीला लागू पडतं, म्हणून पुष्कळ जण हाताला येईल ती वायर घेतात. पण सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आट्यांचा कोन बरोबर ६० अंश आहे. टूल घासताना अंशभराची चूक झाली तर ती आट्यांत उतरते, आणि सूत्राला त्याचा पत्ता नसतो.

या चुकीपासून वाचवणारी एकच जाडी आहे. ज्या वायरीचा स्पर्श नेमका पिच डायमीटरच्या रेषेवर होतो, तिच्या मापावर कोनातल्या लहान चुकीचा जवळजवळ परिणाम होत नाही. कारण कोन थोडा बदलला तरी बाजू त्या स्पर्शबिंदूभोवतीच किंचित कलते आणि वायर आहे तिथेच राहते. वायर जाड असेल तर स्पर्श वर सरकतो, बारीक असेल तर खाली, आणि कोनाची चूक मापात शिरते. मेट्रिक आट्यांसाठी ही सर्वोत्तम जाडी पिचच्या ०.५७७ पट येते. पिच २ असेल तर १.१५५ मिलिमीटर. जुन्या ब्रिटिश यंत्रांवरच्या ५५ अंशांच्या व्हिटवर्थ आट्यांसाठी ती पिचच्या ०.५६४ पट असते आणि हिशेबाचं सूत्रही वेगळं असतं. मेट्रिकचे आकडे तिथे लावू नयेत.

फरक किती पडतो ते बघू. एम १६च्या आट्यांचा कोन ६० ऐवजी ६१ अंश झाला आहे असं धरा. १.१० मिलिमीटरच्या वायरीने चूक दीड-दोन मायक्रॉनची होते, १.३५च्या वायरीने सुमारे सहाची, आणि १.७३ची वायर घेतली तर सतरा मायक्रॉनच्या पुढे जाते. बोल्टला १६० मायक्रॉनची मोकळीक आहे, त्यामुळे साध्या बोल्टसाठी १.३५ची वायर वापरली तरी माझी हरकत नाही. पण थ्रेड प्लग गेज तपासताना सगळी मोकळीकच दहा मायक्रॉनच्या आसपास असते. तिथे सर्वोत्तम जाडीच्या जवळची वायरच हवी.

वायरीच्या स्वतःच्या व्यासाकडेही लक्ष हवं, कारण सूत्रात तो तिप्पट होतो. वायर दोन मायक्रॉनने झिजली की उत्तर सहा मायक्रॉनने चुकतं. झिजलेली वायर ओळखायची तर ती बोटांनी फिरवत दोन-तीन ठिकाणी मोजावी. मायक्रोमीटर आवळतानाही घाई नको. पाचरीसारखी वायर दोन बाजूंमध्ये दाबली जाते, आणि जोर जास्त झाला तर अ‍ॅल्युमिनिअमसारख्या मऊ धातूवर ती खोल रुतते. दर वेळी रॅचेटनेच, सारख्या जोराने माप घ्यावं.

एवढं करूनही वायरींना एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे पिचमधली चूक. लेथचा लीड स्क्रू झिजला असेल आणि नटाच्या लांबीत आटे ०.०२ मिलिमीटरने ताणले गेले असतील, तर नटाला तो बोल्ट सुमारे ०.०३५ मिलिमीटर जाड असल्यासारखा जाणवतो. वायरींनी मात्र माप बरोबरच दाखवलेलं असतं. म्हणून कापताना मोजायला वायरी वापरा, आणि जॉब उतरवण्याआधी गो रिंग गेज पूर्ण लांबीवर एकदा फिरवून बघा.