आतला संगणक, बाहेरची वाट

एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयाचं उदाहरण घेऊ. कार्यालयात विंडोज असलेला एक बऱ्यापैकी दणकट डेस्कटॉप आहे, आणि वाचनकक्षात वाचकांना पुस्तकं शोधता यावीत म्हणून दोन जुने संगणक ठेवलेले आहेत. पुस्तकांची नोंद आणि देवघेव यांसाठी ‘कोहा’ ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली वापरायचं ठरतं. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली कोहा आज भारतातल्या कितीतरी ग्रंथालयांत चालते. पण ती लिनक्सवर चालते, आणि डेस्कटॉपवर विंडोज. वेगळा सर्व्हर घ्यायला पैसे नाहीत. मग कुणीतरी विंडोजमध्येच व्हर्च्युअलबॉक्स टाकतो, त्यात एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, तयार करतो आणि त्यावर उबुंटू व कोहा बसवतो. आतून सगळं व्यवस्थित चालतं. इंटरनेटही मिळतं. वाचनकक्षातल्या संगणकांना मात्र हा आतला संगणक दिसत नाही.

दोष कोहाचा नसतो, उबुंटूचाही नसतो. व्हर्च्युअलबॉक्स नवं मशीन तयार करताना त्याचं नेटवर्क आपणहून ‘नॅट’ या पद्धतीवर ठेवतं, आणि ती पद्धत आतल्याला बाहेर जाऊ देते पण बाहेरच्याला आत येऊ देत नाही. खात्री करायची असेल तर आतल्या उबुंटूत ही आज्ञा द्या:

```
ip addr
```

पडद्यावर `inet` या शब्दापुढे `10.0.2.15` दिसलं, तर मशीन नॅटवर आहे असं समजा. हा पत्ता ग्रंथालयाच्या राउटरने दिलेला नसतो, तो व्हर्च्युअलबॉक्सने स्वतः वाटलेला असतो. राउटरचे पत्ते साधारणपणे `192.168.1.` ने सुरू होतात. समजा आपल्या डेस्कटॉपचा पत्ता `192.168.1.10` आहे. वाचनकक्षातल्या संगणकाने `10.0.2.15` कितीही शोधला तरी त्याला तो सापडणार नाही, कारण त्या जाळ्यात असा कुणी राहतच नाही. किंबहुना जगातल्या असंख्य व्हर्च्युअलबॉक्समध्ये हाच पत्ता एकाच वेळी वापरात असतो.

जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडकरूसारखी ही स्थिती आहे. पत्ता मालकाचा, बिऱ्हाडकरूचं नाव ‘द्वारा’ लिहून. त्याने पाठवलेली पत्रं मालकाच्या नावाने बाहेर पडतात आणि उत्तरं मालक आत पोचवतो. पण परक्याने परस्पर पाठवलेलं पत्र दारात आलं, तर ते कुणाला द्यायचं हे मालकाला आधी सांगून ठेवावं लागतं.

दुसरी पद्धत ‘ब्रिज्ड’. तिच्यात मशीन डेस्कटॉपचंच नेटवर्क कार्ड वापरतं, पण स्वतःच्या नावाने. राउटरला ते निराळाच संगणक वाटतं आणि तो त्याला स्वतंत्र पत्ता देतो, समजा `192.168.1.45`. बदल करायचा तर मशीनच्या सेटिंगमध्ये Network उघडून Attached to पुढे NAT ऐवजी Bridged Adapter निवडायचं आणि मशीन पुन्हा सुरू करायचं, एवढंच. त्याखाली Name ची यादी असते, तिच्याकडे मात्र नीट पाहा. डेस्कटॉपला तारेचं आणि वायफायचं अशी दोन कार्डं असतील तर दोन्ही तिथे दिसतात. केबल ज्यात लावलेली आहे तेच निवडायचं. चुकीचं निवडलं की मशीन सुरू होतं, पण `ip addr` मध्ये `192.168` चा पत्ता येतच नाही. एवढ्यावरून चूक ओळखता येते.

आमच्या ग्रंथालयाला मी ब्रिज्डच सुचवेन, आणि त्याचं कारण डेस्कटॉप तारेने जोडलेला आहे हे आहे. वायफायवर गोष्ट बिघडते. वायफायचा राउटर त्याच्याशी रीतसर जोडल्या गेलेल्या उपकरणाच्याच मॅक पत्त्यावरून आलेली माहिती स्वीकारतो. मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक. आतल्या मशीनला स्वतःचा निराळा मॅक पत्ता असतो, व्हर्च्युअलबॉक्समध्ये तो `08:00:27` ने सुरू होतो, आणि तो पत्ता काही राउटरशी जोडला गेलेला नसतो. व्हर्च्युअलबॉक्स यावर युक्ती करतं: जाणाऱ्या माहितीवर डेस्कटॉपचाच मॅक पत्ता लावतं आणि येणारी माहिती आयपी पत्ता बघून मशीनकडे वळवतं. बऱ्याच ठिकाणी हे चालतं. काही ठिकाणी चालत नाही, काही ठिकाणी आज चालतं आणि उद्या नाही. देवघेवीची नोंद अशा भरवशावर ठेवू नये.

ब्रिज्ड केल्यावर दोन कामं उरतात, आणि नेमकी तीच लोक विसरतात. पहिलं पत्त्याचं. राउटरने दिलेला `192.168.1.45` हा कायमचा नसतो. वीज गेली, राउटर बंद होऊन सुरू झाला, की तो बदलू शकतो, आणि मग वाचनकक्षातल्या संगणकावर जपून ठेवलेली खूण निकामी होते. राउटरच्या पानावर बहुधा Address Reservation किंवा तत्सम नावाची सोय असते. तिथे मशीनचा `08:00:27` ने सुरू होणारा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी पत्ता यांची जोडी लिहून ठेवली की तोच पत्ता दर वेळी मिळतो.

दुसरं काम सुरक्षेचं. डेस्कटॉपवर विंडोजची फायरवॉल चालू असते, म्हणून आतलं मशीनही तिच्या आड सुरक्षित आहे असा समज असतो. ब्रिज्डमध्ये तो खोटा ठरतो. व्हर्च्युअलबॉक्स माहिती नेटवर्क कार्डापाशीच उचलून मशीनला देतं, त्यामुळे ती विंडोजच्या फायरवॉलमधून जात नाही. मशीनची राखण मशीननेच करायची. उबुंटूत त्यासाठी `ufw` असतं, पण ते सुरुवातीला बंद असतं. कोहाचे दोन भाग असतात: वाचकांसाठी पुस्तकशोध, जो सहसा पोर्ट `80` वर असतो, आणि कर्मचाऱ्यांचा भाग, जो बहुतेक जण `8080` वर ठेवतात. वाचकांचा भाग सगळ्यांना खुला आणि कर्मचाऱ्यांचा फक्त कार्यालयातल्या `192.168.1.20` या दुसऱ्या संगणकाला, असं हवं असेल तर:

```
sudo ufw allow 80/tcp
sudo ufw allow from 192.168.1.20 to any port 8080 proto tcp
sudo ufw enable
```

दूरच्या संगणकावरून एसएसएचने मशीनमध्ये शिरून काम करत असाल, तर तिसऱ्या ओळीआधी `sudo ufw allow OpenSSH` द्या. नाहीतर पुढच्या वेळी स्वतःलाच दार बंद मिळेल.

मग नॅट कधी? डेस्कटॉप वायफायवरच असेल तेव्हा, आणि नेटवर्क दुसऱ्याच्या ताब्यात असेल तेव्हा. महाविद्यालयांत, मोठ्या कार्यालयांत एका सॉकेटवर एकच मॅक पत्ता चालेल असा नियम स्विचवर घातलेला असू शकतो. तिथे ब्रिज्ड मशीन सुरू केलं की स्विचला एका तारेवर दोन संगणक दिसतात, आणि नियम कडक असेल तर तो ते सॉकेटच बंद करतो. मशीनसोबत डेस्कटॉपचंही नेटवर्क जातं. अशा जागी आधी नेटवर्क सांभाळणाऱ्यांना विचारा, किंवा नॅट ठेवून ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करा.

त्याच Network च्या पानावर Port Forwarding नावाचं बटण असतं. दिसलं नाही तर Advanced किंवा Expert निवडून पाहा. तिथे एक ओळ वाढवून Host Port मध्ये `8081` आणि Guest Port मध्ये `80` लिहायचं, पत्त्याचे दोन्ही रकाने रिकामे ठेवायचे. याचा अर्थ, डेस्कटॉपच्या `8081` वर जो येईल त्याला मशीनच्या `80` वर पोचवा. वाचनकक्षातून आता `http://192.168.1.10:8081` उघडायचं, म्हणजे पत्ता डेस्कटॉपचा, मशीनचा नव्हे. साहजिकच राउटरवर पक्का करायचा तोही डेस्कटॉपचाच पत्ता. डेस्कटॉपवरही `80` च का ठेवला नाही? विंडोजमधला दुसरा एखादा प्रोग्रॅम तो आधीच धरून बसलेला असू शकतो, आणि एका पोर्टवर दोघांना बसता येत नाही.

बिघाड शोधताना आतून बाहेर यायचं. आधी मशीनमध्येच `ss -tln` देऊन पाहा. `80` च्या ओळीत `0.0.0.0:80` किंवा `*:80` असेल तर ठीक. `127.0.0.1:80` असेल तर तो प्रोग्रॅम फक्त स्वतःशीच बोलतोय, नॅट असो की ब्रिज्ड, बाहेरच्याला उत्तर देणार नाही. मग डेस्कटॉपवर `http://localhost:8081` उघडा. तिथे उघडतं पण वाचनकक्षातून उघडत नाही, असं असेल तर विंडोजची फायरवॉल आडवी येतेय. या वाटेवर ती मध्ये असतेच. पहिल्यांदा परवानगी विचारणारी खिडकी आली तेव्हा कुणी Cancel दाबलं असेल, तर विंडोज ते नकार म्हणून लिहून ठेवतं आणि पुन्हा विचारत नाही. फायरवॉलच्या यादीत जाऊन व्हर्च्युअलबॉक्सला खासगी नेटवर्कसाठी परवानगी द्यावी लागते. पिंग करून पाहण्यात अर्थ नाही, त्याचं उत्तर आलं तर ते डेस्कटॉपचं असतं, मशीनचं नव्हे.

नॅटची एक उणीव ग्रंथालयाला विशेष जाणवेल. पोर्ट फॉरवर्डिंगने येणारा प्रत्येक जण मशीनला `10.0.2.2` या एकाच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. त्यामुळे वर लिहिलेला ‘फक्त अमुक संगणकालाच कर्मचाऱ्यांचा भाग’ हा नियम मशीनमध्ये लावता येत नाही, आणि कोणत्या संगणकावरून काय केलं गेलं हेही नोंदीतून कळत नाही. असा नियम मग विंडोजच्याच फायरवॉलमध्ये घालावा लागतो. मशीनमधून फाइली वाटायच्या असतील तर अडचण आणखी वाढते, कारण त्यासाठी लागणारा पोर्ट `445` विंडोज स्वतःच वापरत असतं.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखीच लागू पडते: डेस्कटॉप झोपला की मशीनही झोपतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये Sleep पुढे Never ठेवा. आणि डेस्कटॉप वायफायवर असेल तर नॅटच्या खटाटोपात पडण्याआधी राउटरपर्यंत एक केबल ओढता येते का ते पाहा. ती ओढता आली तर ब्रिज्ड निवडा.