काम झेपतं का, एवढंच विचारा

‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या खटल्यातला कामगार कोण होता, हे निकाल वाचूनही कळत नाही. तो एका सरकारी महामंडळात हंगामी मजूर होता. कायम होण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत त्याला एचआयव्ही असल्याचं आढळलं आणि त्याचं काम बंद झालं. प्रत्यक्षात तो मजुरीचं काम करू शकत होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली महामंडळाला त्याला पुन्हा कामाच्या यादीत घ्यायला लावलं आणि बुडालेल्या मजुरीपोटी ४० हजार रुपये द्यायला सांगितलं. माणूस आज ते काम करू शकतो का आणि त्याच्यामुळे सहकाऱ्यांना खरोखर मोठा धोका आहे का, हे दोनच प्रश्न न्यायालयाने महत्त्वाचे मानले.

हेच सूत्र पुढे २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात आलं. १० सप्टेंबर २०१८पासून तो लागू आहे आणि खासगी नोकऱ्यांनाही लागू होतो. नोकरी देण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. ‘तुम्हाला एचआयव्ही आहे का?’ याचं उत्तर द्यायची सक्तीही मालक करू शकत नाही. तशी सक्ती फक्त न्यायालयाच्या आदेशानेच होऊ शकते. ड्रायव्हरची नजर ठीक आहे का, हमालाला वजन उचलता येतं का, हे मात्र त्याने जरूर तपासावं.

मग कामावरून कधीच काढता येत नाही का? येतं, पण त्यासाठी कर्मचाऱ्याच्या हातात दोन कागद द्यावे लागतात. पहिला, स्वतंत्र आणि पात्र डॉक्टरचा लेखी अहवाल: या व्यक्तीमुळे कामाच्या जागी संसर्गाचा मोठा धोका आहे किंवा ती हे काम करण्यास असमर्थ आहे. दुसरा, मालकाचं लेखी निवेदन: कामात सोयीचे बदल करून देणं प्रशासकीय किंवा आर्थिकदृष्ट्या का आणि किती अवघड आहे. एकत्र बसून, एकाच डब्यात जेवून किंवा एकच संडास वापरून एचआयव्ही पसरत नाही. त्यामुळे साध्या ऑफिसात संसर्गाचं कारण टिकणं अवघड.

व्यवहारात बातमी फुटते ती बहुधा कागदांतून. मेडिक्लेमची फाइल एचआरच्या टेबलावरून दोन-तीन हातांत फिरते. अशी माहिती जपून ठेवणं ही कायद्याने कंपनीचीच जबाबदारी आहे, आणि ती कुणाला सांगायची तर कर्मचाऱ्याची लेखी संमती लागते. ‘आजार कळलाय, राजीनामा द्या’ असं कुणी सुचवलं, तर सही करू नये. ‘कारण लेखी द्या’ म्हणावं. राजीनाम्यावर सही झाली की काढून टाकल्याचं सिद्ध करणं कठीण जातं. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी असावाच लागतो. तिथे दाद लागली नाही, तर राज्य सरकारने नेमलेल्या लोकपालाकडे जाता येतं. त्याचा आदेश मोडणाऱ्याला दंड होतो. प्रकरण न्यायालयात गेलं, तर नाव गुप्त ठेवण्याची विनंतीही करता येते.