उरलेल्या रजांचे किती पैसे? मोबाईलवरच्या शीटमध्ये असा काढा हिशोब

३१ मार्च आला की माझ्याकडे एक काम ठरलेलं असतं. ऑफिसातल्या सगळ्यांच्या उरलेल्या रजांपोटी कंपनीवर किती देणं आहे ते काढायचं. लीव्ह एनकॅशमेंटचा हा हिशोब मी मोबाईलवर गुगल शीट्समध्येच करतो. यात फक्त अर्जित रजा धरायची, कारण आमच्याकडे कॅज्युअल आणि सिक लीव्हचे पैसे मिळत नाहीत.

B मध्ये शिल्लक रजा आणि C मध्ये बेसिक अधिक डीए. आमच्या नियमात जास्तीत जास्त ४५ दिवस धरतात आणि महिना ३० दिवसांचा. म्हणून मी सरळ हे लिहिलं होतं:

```
=MIN(B2,45)*C2/30
```

तुमच्या कंपनीत भागाकार २६ ने असेल तर रक्कम वाढते, त्यामुळे आधी एचआर पॉलिसी उघडून बघा.

पहिल्या वर्षी मी चुकलो ते पगारात. एका सहकाऱ्याच्या २० रजा उरल्या होत्या. मी जुन्या शीटमधले २४,००० घेतले आणि १६,००० रुपये काढले. पण जानेवारीत त्याचा पगार ३०,००० झाला होता. रजेचे पैसे शेवटच्या पगारावर मिळतात, ती रजा दोन वर्षांपूर्वी साठलेली असली तरी. म्हणजे देणं २०,००० होतं. तो एप्रिलमध्ये नोकरी सोडून गेला तेव्हा ४,००० कमी पडले आणि साहेबांसमोर मान खाली घालावी लागली.

दुसरी चूक जास्त छुपी होती. एकाच्या रजेचा रकाना रिकामा राहिला होता. मला वाटलं, उत्तर शून्य येईल. पण MIN रिकामा रकाना आणि मजकूर दोन्ही सोडून देतं, मग हातात उरतात फक्त ४५! ३०,००० पगारावर थेट ४५,००० रुपयांचं देणं दिसू लागलं. कुणी ‘20 दिवस’ असं टाईप केलं तरी हेच होतं. ओळखायची खूण सोपी आहे: शीटमध्ये आकडा उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे.

आता मी हे वापरतो:

```
=IF(ISNUMBER(B2),MAX(0,MIN(B2,45))*C2/30,"तपासा")
```

यातलं MAX कशाला? कुणी आगाऊ रजा घेतली की शिल्लक उणे होते, आणि ती रक्कम बेरजेत इतरांच्या देण्यातून गुपचूप वजा होते. ‘तपासा’ असलेली ओळ मात्र बेरजेत येत नाही, म्हणून ती दुरुस्त केल्याशिवाय एकूण आकडा पुढे पाठवू नका.

आणि हो, सगळ्यांनी ३१ मार्चलाच पैसे मागितले तर किती लागतील, एवढंच यातून कळतं. पुढची पगारवाढ, कोण कधी नोकरी सोडेल, असे अंदाज धरून ताळेबंदासाठी आकडा हवा असेल, तर ते काम ॲक्च्युअरीचं. त्यांना मी हीच शीट पाठवतो, मार्चच्या पगारपत्रकाशी ताडून.